दिराच्या लग्नाला लेकाला नेताना

पोरी, धाकट्या दिराचं लग्न मे महिन्यात, सांगलीला, वरपक्ष तुमचा आणि थोरली सून तू. म्हणजे मानपान, ओट्या, करवल्या, सगळीकडून ‘वहिनी, वहिनी’ अशा हाका येणार. आणि त्यातच आपले सात वर्षांचे स्वमग्न चिरंजीव. त्यांना काका फार आवडतो, पण मिक्सर लावला की कानांवर हात जातात. त्यांना घरी ठेवायचं नाही, असं तू ठरवलंस ते मला मनापासून पटलं. आता नेणार कसं, ते सांगते.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. त्याला त्रास एकट्या बँडचा होत नाही. नळाखाली ठेवलेला हंडा थेंबाथेंबाने भरतो तसं त्याचं होतं: प्रवास, टोचणारी जर, अत्तर, उकाडा, अनोळखी हात, आणि मग शेवटी बँड. लोकांना फक्त शेवटचा थेंब दिसतो आणि ते म्हणतात, ‘एवढ्याशा आवाजाला घाबरला!’ तुझं काम आधीचे थेंब कमी करायचं. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

लग्नाच्या आधी

१. अख्खं लग्न त्याला दाखवायचा हट्ट धरू नकोस. त्यातला त्याचा असा एखादा तास निवड – सुखाने गेलेला एक तास त्याच्या आठवणीत राहील, ओढूनताणून काढलेला दिवस मात्र पुढच्या प्रत्येक लग्नाची धास्ती होऊन बसेल. मुहूर्त भटजींचा, घड्याळ पोराचं.

२. नवऱ्याला बरेच दिवस आधी एकदा कार्यालयात पाठव आणि मोबाइलवर फाटकापासून स्टेजपर्यंत, तिथून खोलीपर्यंत आणि संडास-बाथरूमपर्यंत चालत जाऊन एक व्हिडिओ काढायला सांग. तो लेकाला रोज एकदा दाखव – दार माहीत असेल तर घर परकं वाटत नाही.

३. त्याच्या हाताशी एक लाल कार्ड दे. सहा-सात चित्रांची किंवा फोटोंची एक पट्टी कर आणि खाली छोटी वाक्यं लिही: ‘काकाचं लग्न आहे. खूप माणसं येतील. बँड मोठ्याने वाजेल. मग तो थांबेल. मला नको वाटलं तर मी लाल कार्ड दाखवीन. बाबा मला खोलीत नेतील.’ ‘आवाज होणारच नाही’ असं मात्र कधी लिहू नकोस – एकदा खोटं ठरलेलं चित्र तो पुन्हा खरं मानत नाही.

४. त्या पट्टीत काकाचा फेटा आणि मुंडावळ्या घातलेला फोटो हवाच. आधी घरीच काकाला एकदा तसं सजवून त्याच्यासमोर बसव – कपाळावर माळा लोंबत असल्या की ओळखीचा चेहराही परका होतो, आणि ऐन मांडवात ‘हा काका नाही’ असं वाटलं तर समजावायला वेळ नसतो.

५. नवे कपडे आणलेस की दोन-तीनदा धुऊन घे, मानेजवळचं लेबल पार उसवून टाक, आणि घरी खेळताना तासभर घालू दे. जरीचा कुडता हवाच असेल तर आत मऊ सुती बनियन उलटा घाल – शिवणी बाहेर राहिल्या की अंगाला घासत नाहीत. तरीही त्याने ओढून काढला, तर रोजचा टी-शर्ट पिशवीत तयार असू दे आणि तो घालताना कोणाची परवानगी मागू नकोस.

६. कानांसाठी आवाज अडवणारी कडक वाट्यांची कानझाकणं घे, लहान मुलांच्या मापाची. चांगली असली की साधारण २० ते ३० डेसिबल आवाज कमी करतात. बॅटरीवर चालणारे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्या-कूलरच्या एकसुरी घरघरीला उत्तम, पण ताशाच्या किंवा फटाक्याच्या अचानक ठोक्याला ते तेवढे पुरे पडत नाहीत. लग्नाच्या आधी पंधरा दिवस कानझाकणं घरी रोज थोडा वेळ घालू दे – नवी वस्तू नव्या गर्दीत घातली तर तीच बोचायला लागते.

७. कार्यक्रमाचं बघणाऱ्या माणसाला चार प्रश्न आधीच विचार: हार घालताना कागदी फटाके किंवा ठिणग्यांची कारंजी आहेत का, ड्रोन उडणार का, डीजेचे लखलखते दिवे आहेत का, आणि स्पीकर कुठे उभे करणार – माहीत असलेल्या धक्क्याला वाट काढता येते. त्याला कधी फिट आली असेल तर लखलखत्या दिव्यांबद्दल डॉक्टरांना विचार आणि त्याचं रोजचं औषध तुझ्या पर्समध्ये ठेव.

८. कोणी सुचवेल, ‘थोडं सर्दीचं औषध पाज, झोपून राहील.’ ते अजिबात ऐकू नकोस – अशा औषधाने काही मुलं झोपण्याऐवजी जास्तच अस्वस्थ होतात, आणि गर्दीत ते निस्तरणं फार जड जातं.

नातेवाइकांना काय सांगायचं

९. आठ दिवस आधी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच निरोप टाक, आणि तो सासूबाईंच्या नावाने जाऊ दे: ‘आपला नातू लग्नाला येतोय. त्याला लांबून हात करा, नावाने हाक मारा. उचलू नका, गालगुच्चा घेऊ नका. उत्तर दिलं नाही तर राग मानू नका, त्याने ऐकलेलं असतं. कानांवरचं काढू नका.’ सासूबाईंचं नाव असलं की मोठी मंडळीही मनावर घेतात – आणि तुला प्रत्येकीला वेगळं समजावत बसावं लागत नाही.

१०. वाकून पाया पडायचा आग्रह झाला तर त्याला लांबून नमस्काराचे हात जोडायला शिकव, तेवढं घरी रोज कर – मोठ्यांना मान पोचतो आणि त्याच्या डोक्यावर एकामागून एक अनोळखी हात येत नाहीत. आशीर्वाद हातांनीच द्यायला हवा असं थोडंच आहे!

११. लग्नाच्या दिवशी त्याच्याकडे कोण, हे तासातासाचं ठरवून कागदावर लिही, आणि जबाबदारी सोपवताना मोठ्याने बोल: ‘आता तुझ्याकडे.’ समोरच्याने ‘हो, माझ्याकडे’ म्हणेपर्यंत हलू नकोस – सगळ्यांचं लक्ष म्हणजे कोणाचंच नाही. ओटी भरायच्या वेळी तू अडकणारच, तेव्हा ती वेळ नवऱ्याची.

कार्यालयात पाऊल टाकल्यावर

१२. वरपक्षाला मिळणाऱ्या खोल्यांपैकी भटारखान्यापासून आणि स्टेजपासून सगळ्यात लांबची, स्वतःच्या बाथरूमची खोली आधीच मागून घे आणि किल्ली तुझ्या पदराला बांध. दारावर ‘मूल झोपलं आहे’ अशी चिठ्ठी लाव – नाहीतर तासाभरात तिथे आहेर, चपला आणि केस सुकवणारी यंत्रं येऊन बसतात.

१३. खोलीत त्याची रोजची चादर, उशी, एक छोटा दिवा आणि दोन आवडीच्या वस्तू ठेव, ट्यूबलाइट बंद कर – जुन्या ट्यूबची थरथर आणि गुणगुण तुला-मला जाणवतही नाही, त्याला मात्र ती सतत टोचत राहते. आत पोचल्यावर आधी कडी बाहेरून नीट उघडते ना, ते बघ.

१४. आवारात एक फेरी मार: विहीर, कारंजं, पाण्याचा हौद, मागचं फाटक, रस्ता. स्वमग्न मुलं गर्दीतून हळूच निसटतात आणि पुष्कळदा पाण्याकडे ओढली जातात – म्हणून तो दिसेनासा झाला तर पहिला माणूस पाण्याकडे, दुसरा फाटकाकडे, आणि हाका त्यानंतर. सकाळी कपडे घातले की त्याचा एक फोटो काढून ठेव, आणि कुडत्याच्या आतल्या बाजूला तुझा मोबाइल नंबर पेनाने लिही.

१५. बसायला दाराजवळची, शेवटच्या रांगेची, भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची घे. ती स्पीकरच्या समोर नको, बाजूला किंवा मागे हवी – मोकळ्या जागेत स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबल उतरतो, बंद हॉलमध्ये तो घुमतो म्हणून तेवढा उतरत नाही. डीजेचा जो दणका छातीत बसतो, त्याला कानझाकण थोपवत नाही, त्याला लांब जाणं हाच उपाय.

१६. पंगतीत मठ्ठा, मसालेभात, अळूची भाजी, जिलबीचा पाक, सगळे वास एकदम येतात. त्याचा डबा घरचा ने आणि पंगत बसायच्या आधी खोलीत जेवू घाल: पांढरा भात, तूप, त्याची रोजची पोळी, त्याच्याच ताटलीत – भूक लागली आहे हे त्याला स्वतःला वेळेवर कळत नाही, ती चिडचिड होऊन बाहेर येते. भरल्या पोटाचे कानही जरा सोसतात. पाणीसुद्धा मागायची वाट न बघता अर्ध्या-अर्ध्या तासाने दे, मे महिना आहे.

१७. हळदीला त्याच्या अंगाला ओली हळद लावायचा आग्रह होईल. त्याऐवजी आंब्याचं पान त्याच्या हातात दे आणि पानाने काकाच्या पावलाला हळद लावू दे – अंगावर सुकत जाणारी हळद कातडी ओढते, पानाचा देठ मात्र कोरडा राहतो. आपल्या हाताने काहीतरी केलं की तो त्या सोहळ्यातला होतो.

मंगलाष्टकांची गोष्ट वेगळी

पोरी, आपल्या लग्नात सगळ्यात अवघड क्षण हाच. अर्धा तास शांत सूर, आणि मग एका शब्दावर सगळं एकदम कोसळतं: ताशे, टाळ्या, अक्षता आणि लोकांची धक्काबुक्की.

१८. भटजींना आदल्या दिवशी विचार, किती मंगलाष्टकं म्हणणार आणि नातेवाईक आपापली किती म्हणणार. त्यांना विनंती कर की शेवटचं सुरू करण्याआधी तुझ्या नवऱ्याकडे बघून मान हलवावी – भटजी हे आनंदाने करतात, आणि त्या खुणेवर कानझाकणं लागली की धक्का अर्धा होतो.

१९. अक्षता मागच्यांकडून पुढच्यांच्या डोक्यावर पडतात, म्हणून त्याला शेवटच्या रांगेच्याही मागे उभा कर आणि डोक्यावर टोपी घाल. अक्षता टोचत असतील तर वाटीत फुलांच्या पाकळ्या दे – मानेवर अचानक पडणारे तांदूळ त्याला चटक्यासारखे लागतात, स्वतः उडवलेल्या पाकळ्या मात्र आवडतील.

२०. शेवटच्या ‘सावधान’नंतर तिथे थांबू नकोस, थेट दाराबाहेर. हारांची गडबड, होमाचा धूर, फोटोंचा झगझगाट यांतलं काही त्याने बघितलं नाही तरी चालतं – तो लग्नाला होता, एवढं काकासाठी पुष्कळ आहे.

हंडा भरत आला आहे, हे कसं ओळखायचं

२१. त्याच्या तीन-चार खुणा कागदावर लिहून ज्याच्या-ज्याच्याकडे तो असेल त्याच्या हातात दे. बहुतेक अशा असतात: एकच वाक्य वाढत्या वेगाने पुन्हा-पुन्हा म्हणणं, टाचा उचलून चालणं, कानांच्या पाळ्या लाल होणं, तुझा पदर तोंडात घेणं. पहिली खूण दिसली की खोलीकडे निघायचं, दुसरीची वाट बघायची नाही – लवकर निघालेला हसत निघतो.

२२. तो हात फडफडवत असेल, झुलत असेल, तर थांबवू नकोस – तो स्वतःला सावरतोय. लोक बघतात, म्हणून आपण ते बंद केलं तर सावरायचं साधनच काढून घेतल्यासारखं होतं.

२३. आणि एकदम गप्प, डोळे स्थिर, बोलावलं तरी हालचाल नाही, असा झाला तर ‘किती शहाण्यासारखा बसलाय’ असं कौतुक कोणी करील. ते खरं मानू नकोस – काही मुलं भरून आल्यावर ओरडत नाहीत, आतून दार लावून घेतात. त्यालाही खोलीच हवी असते.

२४. तरीही भर मांडवात तो कोसळलाच, जमिनीवर आडवा झाला, तर तो हट्ट नाही, कशाच्या आमिषाने तो थांबणार नाही. एकाने लोकांना दूर सारायचं, दुसऱ्याने शेजारी खाली बसायचं, डोकं फरशीवर आपटत असेल तर ओढणी किंवा उशी सरकवायची. बोलायचं तर तीन शब्द: ‘मी इथे आहे.’ प्रश्न नकोत, रागावणं नको, त्याला आवडत असेल तरच घट्ट जवळ घ्यायचं – त्या वेळी प्रत्येक जादा शब्द हाही आवाजच असतो. ओसरल्यावर पाणी, अंधार आणि झोप, शहाणपणाच्या गोष्टी उद्या.

तुमचा दिवस मी असा मांडला आहे

मुहूर्त दुपारी १२:३५चा आहे ना? मग असं बघ. साडेसातला त्याचा रोजचाच नाश्ता, उतरलात तिथेच, कार्यालयातल्या उपम्याच्या नादी लागू नकोस. सव्वानऊला बाबाबरोबर कार्यालयात, खुर्च्या मांडत असतात तेव्हाच. रिकामा हॉल बघितला की हळूहळू भरत जाणारा हॉल त्याला सोसतो, भरलेल्या हॉलमध्ये एकदम शिरणं सोसत नाही. पावणेदहाला, गर्दी होण्याआधी, घरच्यांचा एक फोटो, फोटोवाल्याला फ्लॅश बंद ठेवायला सांगून. त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं नाही तरी तो फोटो पूर्ण मान.

दहाला खोली. नवरदेव मारुतीच्या देवळातून वाजतगाजत येईल तेव्हा तो आत, दार बंद, आणि कानझाकणं काढलेली. ती शांत जागी काढायचीच, दिवसभर लावून ठेवली तर साधा आवाजही जास्त बोचायला लागतो. पावणेबाराला डबा. सव्वाबाराला बाबाबरोबर हॉलच्या मागच्या दाराशी, हातात पाकळ्यांची वाटी. भटजींची मान हलली की कानझाकणं. पाकळ्या उडाल्या की दार, आणि पावणेएकच्या आत पुन्हा खोली.

यातली खरी गंमत पुढे आहे. दीडच्या सुमारास पंगती बसल्या की स्टेज रिकामं होतं, बँडवालेही जेवायला जातात. तेव्हा त्याला काका आणि नव्या काकूकडे ने. पाच मिनिटं, दोघंच समोर, ओळीत उभं राहणं नाही. काकूला आधीच सांग, हात पुढे करू नको, नुसतं बस. तो जवळ आला तर आला. दोनला त्याला आजोबांबरोबर मुक्कामी पाठव. संध्याकाळची वरात, नवरीची पाठवणी, ढोलताशा, हे त्याचं नाहीच. मोजून बघ, प्रत्यक्ष गर्दीत तो अर्धा-पाऊण तासच होता, आणि तरीही काकाच्या लग्नाला नीट हजर होता.

दिवस असाच जाईल याची हमी नाही. मुहूर्त लांबला, खोली मिळाली नाही, वीज गेली आणि जनरेटर धडधडायला लागला, तर गाडी तुझी खोली. म्हणून गाडी सावलीत, फाटकाकडे तोंड करून, बाकीच्या गाड्यांच्या मागे अडकणार नाही अशी लाव. आणि अकरालाच दोन खुणा दिसल्या तर मंगलाष्टकं सोडून दे, वाईट वाटून घेऊ नकोस.

लग्न झाल्यावर

२५. त्याला विचारू नकोस, ‘मज्जा आली ना?’ पट्टी पुन्हा समोर ठेव आणि कोणतं चित्र आवडलं, कोणतं नको, एवढं बोटाने दाखवू दे, ते वहीत लिहून ठेव – पुढच्या वर्षी मुंज आहे, तेव्हा ही वही माझ्या सगळ्या सांगण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

२६. आणि शेवटचं, जे सगळे विसरतात. पुण्याला परतलात की दुसऱ्याच दिवशी घरी सत्यनारायण असतो, पुन्हा पन्नास माणसं, पुन्हा घंटा आणि उदबत्त्या, आणि या वेळी त्याच्याच घरात. तो दिवस त्याचा रिकामा ठेव, सकाळीच त्याला तुझ्या आईकडे पाठव, किंवा पूजा दोन दिवस पुढे ढकलता येते का ते सासूबाईंना विचार – लग्नातला थकवा मुलांमध्ये बहुधा दुसऱ्या दिवशी वर येतो. आदल्या दिवशी काही झालं नाही म्हणून तू निश्चिंत असतेस, आणि नेमकी तेव्हाच पूजेत रडारड होते. शिऱ्याचा प्रसाद डब्यात घालून पाठव, तसाही तो त्याच्यापर्यंत पोचतो.